देवगड–निपाणी रस्त्यावरची पेटी : आंब्याचं आगाऊ बुकिंग देताना आणि घेताना

फेब्रुवारी लागला की आपल्या मोबाईलवर एकच मजकूर फिरायला लागतो. ‘अस्सल देवगड हापूस, बुकिंग सुरू, मोजक्याच पेट्या.’ सोबत पिवळ्याधमक आंब्याचा फोटो आणि खाली फोन नंबर. त्या दिवशी झाडाला असते फक्त कैरी, म्हणजे फोटो गेल्या वर्षीचा असतो. यात लबाडी आहेच असं नाही. पण पैसे आज द्यायचे आणि माल अडीच महिन्यांनी मिळायचा, तर मधल्या काळात काय होऊ शकतं ते आधी सांगितलेलं बरं. बहुतेक जाहिरातींत नेमकं तेवढंच नसतं.

हा विषय आपल्या पेजवर घ्यायचं कारण साधं आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच मच्छीमार घरांची चार-दहा कलमं असतात. काहींच्या बागा आहेत, काही शेतकरी गटांत सभासद आहेत. फोंडाघाट चढून राधानगरी, मुधाळतिट्टा करत निपाणीला उतरणाऱ्या रस्त्यावरून आपली मासळी वर जाते, तसा आंबाही जातो. निपाणी, चिकोडी, बेळगावकडचे आपले पाहुणे आणि मासळीचे जुने गिऱ्हाईक आपल्यालाच विचारतात, “आंबं कवा मिळणार वो, आणि पेटी कितीला पडंल?” म्हणजे आपण कधी विकणारे असतो, कधी दुसऱ्यासाठी मागवणारे. दोन्ही बाजूंनी हिशेब समजलेला बरा.

आगाऊ पैसे कशासाठी लागतात?

बागायतदाराचा खर्च आंबा उतरण्याच्या कितीतरी आधी होतो. मोहोर आला की तुडतुडे, थ्रिप्स आणि करप्यासाठी फवारण्या सुरू होतात. राखणदार ठेवावे लागतात, खोके आणि पेंढा आणावा लागतो. हा पैसा परंपरेने मुंबईचा दलाल देत आला. त्याच्याकडून उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जायचा, आणि भाव तिथे पोचल्यावर कळायचा. डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेल्या बोटवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गिऱ्हाइकाकडून थेट बयाना घेतला की ती साखळी तुटते. भाव आधी ठरतो आणि माल कुणाला द्यायचा हे बागायतदाराच्या हातात राहतं.

निपाणीच्या लोकांना ही गोष्ट आपल्याहून चांगली कळते. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी तिथे शेतकरी पुणे–बंगळूर महामार्गावर बसले, आणि गोळीबारात माणसं गेली. माल आपला आणि भाव दुसऱ्याचा, हे दुखणं त्या भागाने पाहिलेलं आहे. म्हणून थेट व्यवहाराला तिथलं गिऱ्हाईक तयार असतं. पण एकदा फसलं की पुन्हा येत नाही, आणि चार जणांना सांगून ठेवतं.

प्रत म्हणजे नेमकं काय?

‘ए ग्रेड’, ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’, ‘एक नंबर’ या शब्दांना एकटं काही वजन नाही. सरकारी अ‍ॅगमार्कमध्ये आकाराचा ‘अ’ गट 200 ते 350 ग्रॅमचा आहे. हापूसचं जवळजवळ सगळं फळ त्यातच बसतं. म्हणजे 210 ग्रॅमचा आंबा देऊन ‘ए साईझ’ म्हटलं तरी ते खोटं ठरत नाही, आणि 300 ग्रॅमचा देऊनही तेच म्हणता येतं. गिऱ्हाईक मात्र भाव देताना 300 चा विचार करून देतं. भांडण इथेच सुरू होतं.

पापलेट आपण नगावर घेत नाही, वजनाच्या प्रतीवर घेतो. आंब्यातही ग्रॅम सांगावेत. 200 ते 225, 225 ते 250, 250 ते 275, 275 ते 300 आणि त्याच्या वर, असे 25 ग्रॅमचे टप्पे पुष्कळ बागायतदार वापरतात. त्यात एक वाक्य आणखी हवं, ते म्हणजे वजन कधीचं. आंबा पिकताना त्यातलं पाणी उडतं आणि वजन साधारण दहा टक्क्यांनी, कधी त्याहून जास्त घटतं. भरताना 250 ग्रॅमचा असलेला आंबा निपाणीत पिकल्यावर काट्यावर 225 दाखवील. गिऱ्हाईक म्हणणार, प्रत खालची दिली. बागायतदार म्हणणार, मी मोजून भरली. दोघेही खरं बोलत असतात. ‘वजन भरतानाचं, कच्च्या फळाचं’ एवढे शब्द आधी लिहिले असते तर हा वाद झालाच नसता.

वजनानंतर दिसणं. सालीवर डाग, चिकाचे ओघळ, फांदीला घासल्याची खूण असली तर आतल्या गराला काही होत नाही, पण भेट म्हणून द्यायला तो आंबा चालत नाही. असा माल वेगळा काढून कमी भावात ‘घरी खायचा’ म्हणून द्यावा. तो मुकाट्याने पेटीच्या खालच्या थरात घालू नये. वरचा थर देखणा आणि खाली बारका माल, ही युक्ती आपल्या मासळीच्या टोपलीइतकीच जुनी आहे, आणि गिऱ्हाईक ती ओळखतं.

तिसरी गोष्ट तयारीची. हापूस ‘चौदा आणे’ तयार झाला की उतरवायचा. खांदे देठाच्या वर येतात, गडद हिरवा रंग फिकट होतो. शंका असली तर फळ पाण्यात सोडून बघतात : तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. कोवळा काढलेला आंबा आढीत पिवळा पडतो, पण सुरकुततो आणि आंबट राहतो. लवकर भाव मिळावा म्हणून मार्चमध्ये जो घाईचा माल निघतो, त्यात ही तक्रार जास्त असते.

साक्याबद्दल आधीच बोलावं

हापूसचं एक दुखणं असं आहे की ते बाहेरून दिसत नाही. कापल्यावर गरात पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो, चव आंबूस लागते. त्याला आपण साका म्हणतो. आंबा झाडावर जास्त पिकू दिला, उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर उन्हात पडू दिला, की साका वाढतो. चौदा आण्यांवर, देठासकट झेल्याने, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढला आणि लगेच सावलीत नेला, तर साका कमी होतो. पण पूर्ण जात नाही. ‘आमच्या मालात साका नाहीच’ असं जो लिहितो, त्याला एकतर आंबा माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय. पेटीत काही फळं साक्याची निघाली तर त्याचं काय करणार, हे जो आधी लिहितो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, तेवढ्या नगांचे पैसे परत करू किंवा पुढच्या पेटीत नग वाढवून देऊ, एवढं पुरतं.

तारीख नको, पंधरवडा सांगा

गिऱ्हाइकाचा सगळ्यात पहिला प्रश्न असतो, अक्षय्य तृतीयेला मिळणार का? याचं उत्तर अंदाजाने देऊ नये, मोजून द्यावं, आणि ते मोजता येतं.

2025 सालची अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती, तीच घेऊ. त्या दिवशी निपाणीत ताटात पिकलेला आंबा हवा, तर पोचायला आणि आढीत पिकायला मिळून आठ-नऊ दिवस धरा. म्हणजे आंबा 21 एप्रिलच्या सुमारास झाडावरून उतरायला हवा. हापूसला फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण 110 ते 120 दिवस लागतात. मधला आकडा घेऊन मागे मोजलं तर फळ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरलेलं असायला हवं. म्हणजे त्या झाडाला मोहोर त्याच्याही आधी आलेला हवा. थंडी उशिरा पडली आणि बागेत मोहोर जानेवारीत आला, तर त्या बागेचा आंबा मेच्या मध्याआधी ताटात येत नाही, मग गिऱ्हाइकाने कितीही आगाऊ पैसे दिलेले असोत. आपल्याकडे म्हणतात तसं, “झाडावरचो आंबो तारीख बघून पिकणा नाय.”

फेब्रुवारीत बुकिंग घेताना बागायतदाराला कुठल्या झाडाला कधीचं फळ आहे ते दिसत असतं. म्हणून तो पंधरवडा खात्रीने सांगू शकतो : एप्रिलचा दुसरा, मेचा पहिला, मेचा दुसरा. नेमका दिवस सांगू शकत नाही. मार्चमध्ये उष्णतेची लाट आली तर फळगळ होते. अवकाळी पाऊस आला तर करपा आणि डाग वाढतात. शेवटाला, पावसाच्या तोंडावर फळमाशी वाढते, म्हणून मेअखेरचं बुकिंग घेताना जास्त जपून शब्द द्यावा.

पंधरवड्याबरोबर आंबा कुठल्या अवस्थेत मिळेल तेही सांगायला हवं. घाटातून जाणारा माल हिरवा किंवा नुकता रंग धरायला लागलेला असेल तर नीट पोचतो. पूर्ण पिकलेला पाठवला तर खालचा थर दबतो. पण पहिल्यांदा मागवणारं गिऱ्हाईक पेटी उघडून हिरवी फळं बघतं आणि घाबरतं. त्याला आधीच सांगावं : पेंढ्यात किंवा कागदात, हवा लागेल अशा जागी एका थरात मांडा, रोज बघा, मऊ आणि वासाची होतील तशी काढून खा. सगळा रंग एकाच दिवशी येणार नाही. एकाच दिवशी सगळी पेटी सारखी पिवळी झाली, वास नाही आणि आत कडक-आंबट, तर कार्बाइडचा संशय घ्यायला जागा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवायला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. गट खोलीत पिकवत असेल तर तसं लिहायला लाजू नये.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. आंबा ही मासळी नव्हे. कच्चा हापूस बर्फाच्या पेटीत किंवा थंड गाडीत टाकला तर टिकत नाही, उलट बिघडतो. फार थंडी लागली की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. मासळीची गाडी निपाणीला जातेच आहे, तर चार पेट्या त्यातच टाकू, हा विचार सोडून द्यावा. ओल आणि वासही लागतो. कोरडी, हवेशीर गाडी आणि रात्रीचा प्रवास हेच बरं.

देवगडचा कशावरून?

निपाणी-बेळगावच्या बाजारात हा प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण धारवाड-बेळगावकडेही हापूसच्या बागा आहेत आणि तो आंबा जवळचा, म्हणून स्वस्त. जात तीच आहे, खायला वाईट नाही. गैर आहे ते त्याला देवगडच्या खोक्यात भरून देवगडच्या भावाने विकणं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी आहे. या जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही.

खोक्यावरची छपाई हा पुरावा नव्हे, कारण खोकी कुणीही छापून आणतो. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात यासाठी प्रत्येक फळावर लावायचा स्टिकर आणला. त्यावर वेगळा क्रमांक असतो. थोडा भाग वर दिसतो आणि थोडा स्टिकरच्या मागे लपलेला असतो. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पडताळा घ्यायचा आणि मागचा भाग जुळतो का ते बघायचं. एकदा काढलेला स्टिकर दुसऱ्या फळाला लावता येत नाही. यातून आंबा कुठला ते कळतं. तो चौदा आणे तयार होता की नाही, आत साका आहे की नाही, हे स्टिकर सांगत नाही. ज्या गटाकडे असे स्टिकर नाहीत त्याने निदान गाव आणि बाग कुणाची ते सांगावं, आणि शेजारच्या बागेतला माल घालून पेटी पुरी करणार असेल तर तेही.

पैशाचा हिशेब

उदाहरण म्हणून एक व्यवहार मांडू. भाव फक्त हिशेबापुरता आहे, या हंगामाचा समजू नका. निपाणीच्या गिऱ्हाइकाने 250 ते 275 ग्रॅमची पाच डझनाची एक पेटी, मेच्या पहिल्या पंधरवड्यासाठी सांगितली. भाव ठरला डझनाला 900, म्हणजे पेटीचे 4,500. निपाणीपर्यंत वाहतूक 300. एकूण 4,800. बयाना 1,200, म्हणजे चौथा हिस्सा. उरलेले 3,600 पेटी गाडीत चढल्याचा फोटो आणि वजनाच्या काट्याचा फोटो आल्यावर.

आता खरे प्रश्न पुढे येतात. मेमध्ये आवक वाढून भाव 700 वर आला तर? गिऱ्हाईक म्हणेल, बाजारात स्वस्त आहे, मला फरक द्या. भाव 1,100 झाला तर बागायतदाराला वाटेल, ही पेटी दुसऱ्याला द्यावी. म्हणून बुकिंगच्या वेळीच एक निवडायचं : ठरलेला भाव दोघांनाही बांधील, किंवा पाठवण्याच्या दिवसाचा भाव. दुसरं निवडलं तर तो भाव कुठला हे लिहायचं, नाहीतर ‘बाजारभाव’ या शब्दाचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीने निघतो. पहिला मार्ग सोपा आणि गिऱ्हाइकाला आवडणारा आहे. त्यात बागायतदाराने एवढंच पाळायचं की भाव चढला म्हणून शब्द फिरवायचा नाही.

फळगळ झाली आणि 250 ग्रॅमच्या वरचा माल निघालाच नाही तर? प्रामाणिक गट तीन पर्याय देतो. खालची प्रत त्या प्रतीच्या भावाने घ्या, पुढच्या पंधरवड्यापर्यंत थांबा, किंवा पूर्ण बयाना परत घ्या. परत किती दिवसांत, हेही लिहायचं. ‘पुढच्या वर्षी वळते करू’ हा पर्याय गिऱ्हाइकाने मागितला तरच. उलट बाजूने, माल भरायच्या वेळी गिऱ्हाइकाने ऐनवेळी नाही म्हटलं तर बयाना ठेवून घेणं रास्त आहे, कारण ती पेटी त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते.

बयाना चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मागितला तर समजण्यासारखं आहे. फेब्रुवारीतच सगळे पैसे मागणाऱ्याकडे जरा थांबून बघावं. पैसे गटाच्या किंवा संस्थेच्या खात्यावर जातात, की कुणा तिसऱ्याच नावाच्या नंबरवर, तेही पाहावं. यूपीआयवर रक्कम पाठवण्याआधी नाव दिसतं, ते वाचायचं. आणि पावती म्हणून निदान एक मेसेज मागून घ्यायचा ज्यात ग्रॅम, डझन, पंधरवडा, भाव आणि बयाना हे पाचही आकडे असतील.

मजकुराचा मासला

आपल्यातल्या कुणाला या हंगामात बुकिंग घ्यायचं असेल, तर हा मजकूर आपले आकडे घालून वापरा :

‘आमच्या गटाच्या बागेतला देवगड हापूस. प्रत 250 ते 275 ग्रॅम, वजन भरतानाचं, पिकल्यावर घटतं. पाच डझनाची पेटी. मेचा पहिला पंधरवडा, नेमका दिवस दोन दिवस आधी कळवू. आंबा हिरवा पाठवतो, घरी पिकायला सहा ते आठ दिवस लागतील. भाव ठरलेला, वाढला-उतरला तरी बदलणार नाही. बयाना चौथा हिस्सा, बाकी गाडीत चढल्यावर. वाटेत खराब झालेलं फळ पेटी उघडल्यापासून 24 तासांत फोटोसह कळवा. साका निघाला तर कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, तेवढ्या नगांचे पैसे परत. ही प्रत निघाली नाही तर सात दिवसांत पूर्ण बयाना परत. निपाणीत पेटी स्टँडजवळ मिळेल, घरपोच नाही.’

शेवटचं वाक्य लहान आहे, पण फोन त्यावरूनच जास्त येतात. पेटी कुठे उतरणार, कोण घेणार आणि गाडी रात्री दोनला पोचली तर ती सकाळपर्यंत कुठे राहणार, हे ठरलेलं नसेल तर चांगला आंबाही बंद दुकानाच्या पायरीवर उन्हात पडतो. मग दोष बागेला लागतो.

निपाणीच्या पाहुण्यांसाठी मागवणाऱ्यांनी हा मजकूर समोर ठेवून आलेली जाहिरात वाचावी. जे वाक्य तिच्यात नाही, तेवढंच फोन करून विचारायचं. उत्तर सरळ आलं तर बयाना पाठवा.